खणाच्या एका चिंधीचा शोध

कापडाच्या दुकानात नमुन्याची चिंधी हातात घेऊन येणारे गिऱ्हाईक दुकानदाराला नवीन नाही. जुन्या कपड्याचा तुकडा पुढे करून “अगदी असेच पाहिजे” असे म्हणणारी माणसे रोज येतात आणि बहुतेक वेळा जे घेऊन जातात ते तसे नसते. रंग जुळलेला असतो, बुट्टीही जुळलेली असते. परंतु दोन धुण्यांनंतर कापड आपली खरी जात दाखवू लागते. याचे कारण असे की “असेच” म्हणजे नेमके कसे, हे गिऱ्हाइकाला सांगता आलेले नसते. चिंधीत ते सारे लिहिलेले असते; ते वाचावे मात्र लागते. हे वाचन कसे होते आणि त्यावरून कापड देणारा माणूस कसा सापडतो, हे चोळीच्या खणाच्या एका उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

बडोद्यातील एका मराठी कुटुंबाची कल्पना करावी. घरातील मुलीचे लग्न ठरले आहे. आजीची एक चोळी पेटीत जपून ठेवलेली आहे. डाळिंबी रंगाची, बारीक बुट्टीची, काठाला हिरवा पट्टा असलेली. त्याच खणाच्या पाच चोळ्या घरातील पाच बायकांसाठी शिवाव्यात, अशी मुलीच्या आईची इच्छा आहे. खण रेशमी आहे, असे घरात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. चोळी कापायची नाही, आणि नमुना तर हवा.

अशा वेळी नमुना कोठून घ्यावा, याचे उत्तर शिंप्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जुन्या चोळीच्या शिवणीत आत भरपूर माया सोडलेली असते. त्या मायेतून दहा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशी पट्टी निघाली, तर चोळीला कोठेही बाध येत नाही. शिवाय मायेला ऊन लागलेले नसते. चोळीचा वरचा रंग पन्नास वर्षांत फिका पडलेला असतो, पण शिवणीच्या आतला रंग पुष्कळसा मूळचा राहिलेला असतो. जुळणी करायची ती या आतल्या रंगाशी करायची की आज दिसणाऱ्या फिक्या रंगाशी, हे आधीच ठरवावे. नाहीतर पुढे घरातच मतभेद होतात.

पट्टी हाती आल्यावर पहिला प्रश्न दिशेचा असतो. कोणत्याही विणलेल्या कापडात दोन प्रकारचे धागे असतात. मागावर आधीच ताणून बसविलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि धोट्याने आडवे भरले जाणारे धागे म्हणजे बाणा. कापडाचा काठ नेहमी ताण्याच्या दिशेने धावतो, म्हणून काठ हाताशी असेल तर दिशा तत्काळ कळते. काठ नसेल तर पट्टी उजेडासमोर धरावी. ताण्याचे धागे फणीच्या दातांमधून ओवलेले असतात. त्यामुळे ठरावीक अंतरावर बारीक, सरळ, उभ्या फटींच्या रेषा पुष्कळदा दिसतात. पट्टी दोन्ही दिशांनी हलकेच ओढून पाहिली तर ताण्याच्या दिशेला ती सहसा कमी ताणली जाते. येथे तर चोळीच हाताशी आहे. तिच्या बाहीवरचा काठ पाहिला की शंका राहत नाही.

यानंतर पट्टी उलटावी. कापडाची जात पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूला अधिक स्पष्ट दिसते. बुट्टी छापलेली असेल तर मागे रंग फिका असतो आणि सुटे धागे मुळीच नसतात. बुट्टी विणलेली असेल तर तिचे धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मागून मोकळे जाताना दिसतात, किंवा मधे कापून टाकलेले असतात. हे मोकळे धागे कोणत्या दिशेने जातात, हा या शोधातला निर्णायक प्रश्न आहे. ते काठाशी काटकोनात, आडवे जात असतील, तर बुट्टी जादा बाण्याने काढलेली आहे. बनारसकडच्या अनेक कापडांत ती तशी असते. ते काठाला समांतर, उभे जात असतील, तर बुट्टीसाठी मागावर आणखी एक ताणा चढविलेला आहे. पैठणीच्या पदरात मोकळे धागे जवळजवळ नसतातच. कारण तेथे निरनिराळ्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवून नक्षी विणलेली असते आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

बडोद्याच्या पट्टीवर मोकळे धागे काठाला समांतर आहेत. म्हणजे जादा ताण्याची बुट्टी. अरुंद पन्हा, दोन्ही बाजूंना काठ, आणि मधे जादा ताण्याने काढलेल्या लहान बुट्टींच्या उभ्या ओळी, ही सारी लक्षणे एकत्र आली की बोट एका गावाकडे वळते. ते गाव म्हणजे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा भाग विजापूर जिल्ह्यात आणि म्हणून मुंबई राज्यात होता. बदामी आणि इलकल यांच्या परिसरातील या गावात विणलेले खण मराठी घरांत इतके रुजले, की ओटीतला खण कन्नड मुलखातून येतो याची पुष्कळांना आठवणही राहिली नाही. दुकानात त्रिकोणी घडी घालून ठेवलेले खण ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे कापड डोळ्यांनी परिचित आहेच. बुट्टींची नावे मात्र कन्नड ऐकू येतात: तेरू म्हणजे रथ, आने हेज्जे म्हणजे हत्तीचे पाऊल.

येथवर कापडाचे कूळ कळले. आता त्याचे द्रव्य पाहायचे. यातली नेहमीची चूक अशी, की चिंधीचा कोपराच पेटवून वास घेतला जातो. खणात ताणा एका द्रव्याचा, बाणा दुसऱ्याचा आणि बुट्टीचा धागा तिसऱ्याच द्रव्याचा असू शकतो. सगळे एकत्र जाळले तर वासांची सरमिसळ होते आणि उत्तर चुकीचे येते. म्हणून पट्टीच्या टोकापासून सुईने धागे सोडवून त्यांचे तीन वेगळे गट करावेत. पण त्यापूर्वी पट्टी साध्या पाण्यात धुऊन वाळवावी, म्हणजे खळ निघून जाते, आणि सोनाराच्या काट्यावर तिचे वजन करून घ्यावे. धागे सोडविल्यानंतर हे वजन पुन्हा मिळत नाही.

वजनाचा उपयोग असा. दहा बाय दोन सेंटिमीटर म्हणजे वीस चौरस सेंटिमीटर. समजा, काट्याने ०.२४ ग्रॅम दाखविले. एका चौरस मीटरमध्ये असे पाचशे तुकडे बसतात. तेव्हा कापडाचे वजन दर चौरस मीटरला १२० ग्रॅम झाले. कापडाचा व्यापार याच भाषेत बोलतो. काट्याची चूक ग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकी धरली, तरी उत्तरात पाच ग्रॅमचा फरक पडतो, हेही ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा बारीक तुलना एवढ्या चिंधीवरून करू नये. मग भिंग घेऊन एका सेंटिमीटरमध्ये ताण्याचे आणि बाण्याचे धागे किती, ते तीन ठिकाणी मोजावे आणि सरासरी लिहून ठेवावी. बुट्टीचे जादा धागे या मोजणीत धरू नयेत.

आता जाळून पाहण्याची परीक्षा. चिमट्यात एका गटाचे चारसहा धागे पीळ देऊन धरावेत, खाली धातूची ताटली आणि जवळ पाणी असावे. सुती धागा चटकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशमी धागा ज्योतीपासून दूर आक्रसतो, सावकाश जळतो, ज्योत काढली की बहुधा विझतो, केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली काळी गुठळी बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर न चुरडणारा कठीण मणी मागे ठेवते. बनावट रेशीम म्हणून ओळखला जाणारा व्हिस्कोस रेयॉन मात्र फसवा आहे. तो लाकडाच्या लगद्यापासून होतो, म्हणून सुतासारखाच पेटतो आणि कागदासारखाच वास देतो. दिसायला रेशीम आणि जळायला सूत, असे त्याचे दुहेरी रूप आहे.

ही गाठ सोडविण्यास पाण्याचा एक थेंब पुरतो. एक लांब धागा घ्यावा, त्याच्या मध्यभागी जिभेने किंवा बोटाने ओल लावावी आणि दोन्ही टोके धरून ओढावा. रेयॉन ओला झाला की फार अशक्त होतो, म्हणून तो ओल्या जागीच तुटतो. सुताचे उलट आहे. ओले सूत कोरड्यापेक्षा बळकट असते, म्हणून ते कोरड्या जागी तुटते. एकाच धाग्यावर विसंबू नये. पाचसहा धागे तोडून पाहावेत.

रेशमाची खात्री करण्यासाठी आणखी एक परीक्षा आहे. पांढरे कपडे शुभ्र करण्यासाठी जो क्लोरीनयुक्त द्रव बाजारात मिळतो, त्यात रेशीम आणि लोकर विरघळून जातात. सूत, रेयॉन आणि पॉलिएस्टर यांचा रंग उडाला, तरी धागा शिल्लक राहतो. काचेच्या लहान भांड्यात थोडा द्रव घेऊन त्यात धागा सोडला, तर रेशीम साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत नाहीसे होते. हा द्रव जुना झाला की निर्बळ होतो. म्हणून शेजारी दुसऱ्या भांड्यात, जो निश्चित रेशमाचा आहे असा माहितीचा धागा टाकून ठेवावा. तो विरघळला नाही तर परीक्षाच रद्द समजावी. खिडकी उघडी असावी, हात झाकलेले असावेत आणि या द्रवात व्हिनेगर, लिंबू किंवा न्हाणीघर धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

बडोद्याच्या पट्टीचा निकाल समजा असा लागला: ताण्याचे डाळिंबी धागे द्रवात विरघळले, म्हणजे रेशीम, बाण्याचे काळसर धागे कोरड्या जागी तुटले, म्हणजे सूत, आणि बुट्टीचे चकाकणारे धागे ओल्या जागी तुटले, म्हणजे रेयॉन. घरातली समजूत एक तृतीयांश खरी आणि दोन तृतीयांश खोटी ठरली. यात आजीची फसवणूक झाली, असे समजण्याचे कारण नाही. रेशमी ताणा आणि सुती बाणा हा चोळीसाठी सोयीचा मेळ आहे. आणखी एक गोष्ट कळली. ताणा डाळिंबी आणि बाणा काळसर असल्यामुळेच चोळी हलली की तिच्यावर सावली फिरते. नुसता डाळिंबी रंग दाखवून खण मागितला असता, तर ही धूपछाव कधीच मिळाली नसती.

या परीक्षांना मर्यादा आहेत. एकाच धाग्यात सूत आणि पॉलिएस्टर मिसळून कातलेले असेल, तर राखेत कठीण कण सापडतात, पण प्रमाण कळत नाही. फार जुने रेशीम जीर्ण झालेले असते आणि हात लावताच तुटते. त्यावर ओढून पाहण्याची परीक्षा चालत नाही. कापड हातमागावरचे की यंत्रमागावरचे, हेही चिंधीवरून निश्चित सांगता येत नाही. काठाशी बाण्याचा धागा वळून परत आत गेलेला दिसला, तर कापड धोट्याच्या मागावरचे आहे एवढेच सिद्ध होते. धोट्याचा यंत्रमागही असतो. मात्र काठाशी कापलेल्या धाग्यांची झालर असेल, तर ते बिनधोट्याच्या यंत्रावरचे आहे. त्याला हातमागाचे नाव देणारा विक्रेता चुकतो किंवा चुकवतो. शंका उरलीच, तर केंद्र सरकारच्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शक आणि रसायने यांच्या साहाय्याने तंतू ओळखून प्रमाण सांगतात. पण त्यांना चिंधीपेक्षा मोठा नमुना लागतो.

आता पुरवठादाराचा शोध. गृहिणी प्रथम जवळच्या दुकानात जाते, आणि ते योग्यच आहे. दुकानदार पट्टी पाहून एक खण काढतो. डाळिंबी रंग, तीच बुट्टी. “ताई, हेच ते, अस्सल रेशमी,” असे तो म्हणतो. त्या थानाच्या कडेची दोन बोटांची कातरण मागून घ्यावी. प्रामाणिक दुकानदार ती देतो. समजा, या कातरणीचे वजन चौरस मीटरला १५५ ग्रॅम भरले, ताण्याचे धागे द्रवात तसेच राहिले आणि ज्योतीवर त्यांचा कठीण मणी झाला. तर ते पॉलिएस्टर आहे. ते वाईट कापड आहे असे नव्हे. यंत्रमागावरचे असे खण स्वस्त असतात, टिकतातही, आणि अलीकडच्या वर्षांत खणाच्या साड्यांची जी आवड पसरली, ती पुष्कळशी त्यांच्यावरच भागली. परंतु ते घाम शोषत नाही, आणि रेशमाच्या भावाने तर ते मुळीच घेऊ नये.

मग गुळेदगुड्डकडे वळायचे. तेथे पत्र किंवा चौकशी पाठविताना एका जाड कागदावर पट्टीचा अर्धा भाग चिकटवावा आणि ताण्याची दिशा बाणाने दाखवावी. उरलेला अर्धा भाग घरी जपून ठेवावा; एकुलता एक नमुना टपालात घालणे म्हणजे शोधाचे मूळच हरवणे होय. कागदावर ताणा, बाणा आणि बुट्टी यांचे द्रव्य व रंग वेगवेगळे, सेंटिमीटरमधील धागे, चौरस मीटरचे वजन, काठाची रुंदी आणि किती खण हवेत, हे लिहावे. मोबाइलवर छायाचित्र पाठवायचे असल्यास पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात टिपाव्यात. बुट्टी दाखविण्यास छायाचित्र उत्तम, पण रंगाच्या बाबतीत ते विश्वासू नाही. प्रत्यक्ष तुकडेसुद्धा दुकानाच्या दिव्याखाली जुळलेले उन्हात वेगळे दिसतात. रंगद्रव्ये निराळी असली की असे घडते. अखेरची जुळणी दाराबाहेर येऊनच करावी.

पत्ता मिळविण्याचे मार्गही आहेत. गुळेदगुड्ड खणाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, आणि या नावाने माल विकण्यास ज्यांची नोंद झाली, त्या अधिकृत वापरकर्त्यांची यादी चेन्नईच्या भौगोलिक निर्देशांक नोंदणी कार्यालयाकडे असते. मुंबई आणि बंगळूर येथे केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रे आहेत. विणकरांशी रोजचा संबंध असल्यामुळे कोणत्या प्रकारचे विणकाम कोठे होते, हे तेथे कळू शकते. मालावर २००४ पासून देण्यात येणारी रेशीमचिन्हाची किंवा २००६ पासूनची हातमागचिन्हाची चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा. पण ही दोन चिन्हे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात: पहिले द्रव्याविषयी, दुसरे मागाविषयी. रेशीमचिन्ह असलेले कापड यंत्रमागाचे असू शकते आणि हातमागचिन्ह असलेले कापड रेशमाचे नसू शकते.

विणकराकडून येणारे उत्तर ऐकताना पट्टीच्या मागच्या बाजूला दिसलेली ती गोष्ट पुन्हा आठवावी लागते. खणाची बुट्टी ताण्यात असते. बाण्याची बुट्टी असती, तर विणकराला धोटा बदलून वेगळा रंग भरता आला असता. येथे ताणा आणि जादा ताणा दोन्ही विणकाम सुरू होण्यापूर्वीच मोजून, रंगवून, फणीतून ओवून मागावर चढवावे लागतात, आणि एकदा चढविलेला ताणा अनेक खणांचा असतो. पाच खणांसाठी नवा ताणा लावणे विणकराला परवडत नाही. “एवढ्यासाठी होणार नाही” असे तो म्हणतो, त्यात आढ्यता नसते, हिशेब असतो.

म्हणून मागणीचे शब्द बदलावे लागतात. “अगदी असाच खण विणून द्या” असे न म्हणता, “रेशमी डाळिंबी ताणा आणि या जातीची बुट्टी सध्या कोणाच्या मागावर चढलेली आहे?” असे विचारावे. तसा माग सापडला, तर त्यावर काळसर सुती बाणा भरून पाच खण विणून मागणे शक्य असते, कारण बाणा बदलणे सोपे आहे. बुट्टी रेयॉनऐवजी पक्क्या सुताची मिळाली, तर ती तडजोड सोसण्यासारखी आहे. ताण्याचे द्रव्य किंवा रंग मात्र निराळा असेल तर दुसरा माग शोधावा, किंवा आप्तेष्टांना मिळवून एका पूर्ण ताण्याइतकी मागणी गोळा करावी. लग्नाची तारीख जवळ असेल तर तयार मालातून निवड करणे हाच शहाणपणा. कोणत्याही मार्गाने माल ठरला, तरी पैसे पूर्ण देण्यापूर्वी त्याच ताण्यावरची कातरण मागवावी आणि तिच्यावर त्याच परीक्षा, त्याच क्रमाने कराव्यात. शिवाय एक तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून रंग सुटतो का, तेही पाहावे. डाळिंबी रंग सुटला, तर तो लग्नाच्या दिवशी घामाने सुटेल, आणि तोही दुसऱ्या कापडावर.

अशा रीतीने वीस चौरस सेंटिमीटरची पट्टी बडोद्याहून गुळेदगुड्डपर्यंत वाट दाखविते. दुकानातले पॉलिएस्टर रेशमाच्या भावाने घेणे टळते, आणि ज्या विणकराच्या मागावर तो ताणा खरोखर चढलेला आहे, त्याच्या हाती पाच खणांचे पैसे पडतात. पट्टीचा उरलेला अर्धा भाग, सोबतच्या कागदावरील आकड्यांसह, त्या चोळीच्या घडीत ठेवून द्यावा. पुढच्या लग्नाच्या वेळी चोळीची माया पुन्हा उसवावी लागणार नाही.